बरोबरीचा टक्का

वाचकाचं पत्र

ताई, मी ३१ वर्षांचा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, बडोद्यात मांजलपूरला राहतो. घरी बायको, आई (६१) आणि बाबा (६५). बाबांना जुना मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. घराचा हप्ता २८ हजार.

हातात दोन ऑफर लेटर आहेत. एक बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्याचं, मेंटेनन्सचं काम. सीटीसी ११,५२,७२२. महिन्याचा ग्रॉस ८४,०००, बेसिक ४२,०००, पीएफ पूर्ण बेसिकवर, वर्षाला ६०,००० बोनस 'कामगिरीनुसार', मेडिक्लेम ५ लाखांचा, आईबाबांसकट.

दुसरं व्हॉल्व्ह आणि फ्लोमीटर विकणाऱ्या कंपनीचं. अंकलेश्वर-दहेज पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांना सेल्स. सीटीसी १४,०५,९५६. ग्रॉस ७४,०००, पीएफ महिना १,८००, व्हेरिएबल ३,६०,०००, जॉइनिंग बोनस १ लाख (अर्धा आता, अर्धा वर्षानं). मेडिक्लेम फक्त मी आणि बायको. व्हेरिएबलचं धोरण मागितल्यावर एक पान आलं: ६० टक्के माझ्या टार्गेटवर, ४० टक्के कंपनीच्या. दोन्ही वेगळे मोजणार. ८० टक्क्यांच्या खाली शून्य, ८० ला निम्मं, १०० ला पूर्ण, मधलं त्या प्रमाणात.

मी मेहनतीला घाबरत नाही. काका म्हणतात, वर्षाचे अडीच लाख कोण सोडतं? बायको म्हणते, सावली. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.

— मांजलपूरचा वाचक

उत्तर

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे ते एक पान. व्हेरिएबलचं धोरण लेखी मागणारे फार थोडे असतात. मी बावीस वर्षं पगार विभागात काढली, अशी ऑफर लेटर स्वतः तयार केली, आणि ते पान मागणारे उमेदवार मला बोटांवर मोजता येतील. त्या पानावरच तुमचा निर्णय होणार आहे, म्हणून आधी त्याच्यापर्यंत पोचू.

आपल्या बडोद्यात मराठी घरात लग्नाची बोलणी असोत की शेजारच्या गुजराती काकांची चौकशी, प्रश्न एकच असतो: 'हाथमां केटला आवे?' हातात किती येतात? हा प्रश्न सीटीसीपेक्षा कितीतरी नेमका आहे. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर किती खर्च येऊ शकतो त्याचा आकडा. त्यात दरमहा मिळणारा पैसा असतो, कदाचित मिळणारा असतो, पीएफमध्ये साठणारा असतो, आणि एकदाच येऊन संपणाराही असतो. दोन पत्रांत हे वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेलं असेल, तर खालच्या बेरजा शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

तर आधी खात्रीचा पैसा. सावलीच्या ८४,००० मधून तुमच्या वाट्याचा पीएफ ५,०४० आणि गुजरातचा व्यवसाय कर २०० गेला की हातात ७८,७६० येतात. दुसरीकडे ७४,००० मधून १,८०० आणि २०० गेले की ७२,०००. म्हणजे चौदा लाखांच्या नोकरीत दर महिन्याला घरात ६,७६० रुपये कमी येणार. हप्ता, औषधं, किराणा हे सगळं दर महिन्याच्या पैशातून भागतं, त्यामुळे हा आकडा बायकोला आधी दाखवा. तिचा अंदाज मला चुकीचा वाटत नाही, आणि तिच्याजवळ त्याला आकड्याचा आधारही असायला हवा.

आता पीएफ. सावलीत तुमचे ५,०४० आणि कंपनीचे तेवढेच, मिळून महिन्याला १०,०८० तुमच्या नावावर जमतात. दुसऱ्या कंपनीनं पीएफ १५,००० च्या वेतनमर्यादेवर धरला आहे, म्हणून १,८०० आणि १,८०० मिळून ३,६००. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेकडे वळू शकतो, पण तोही तुमचाच. मर्यादेवर पीएफ कापणं पूर्ण कायदेशीर आहे, त्यात कंपनीचा काही दोष नाही. मात्र तुलना करताना तो फरक पकडलाच पाहिजे. हातातले आणि पीएफमधले मिळून सावलीचे ८८,८४० होतात आणि दुसरीचे ७५,६००. महिन्याला १३,२४०, वर्षाला जवळपास १ लाख ५९ हजार सावली पुढे.

प्राप्तिकर सध्या बाजूला ठेवता येईल. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला १२,७५,००० पर्यंत कर लागत नाही, आणि दोन्ही ठिकाणचा रोख पगार सुरुवातीला त्याच्या आतच राहील. पुढचं एक ध्यानात ठेवा. दुसऱ्या नोकरीत व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर रोख रक्कम १२,४८,००० होते, मर्यादेपासून फक्त २७ हजार अलीकडे. ७४,००० वर पाच टक्के वाढ मिळाली की तुम्ही ती ओलांडता, आणि मर्यादेच्या लगेच वरच्या त्या छोट्या पट्ट्यात वरचा जवळजवळ प्रत्येक रुपया करात जातो. पहिल्या पगारवाढीच्या वर्षी 'वाढ गेली कुठे?' असं वाटलं तर कारण हे असेल.

ग्रॅच्युइटी दोघांनीही सीटीसीत धरली आहे. नेहमीच्या कायम नोकरीत ती सलग पाच वर्षं झाल्यावरच मिळते. दोन्हीकडे सारखीच अट, आकडेही जवळपास सारखे, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवू नका.

आईबाबांच्या मेडिक्लेमवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण पत्रात त्याला एक ओळ मिळाली आहे आणि तुमच्या घरात त्याचं वजन फार मोठं आहे. तुम्ही बाजारात त्यांच्यासाठी ५ लाखांची पॉलिसी घ्यायला गेलात तर बाबांचा इतिहास पाहून काय हप्ता येतो, ते एका फोनवर कळेल. आज-उद्याच विचारा. हिशेबापुरते मी दोघांचे मिळून वर्षाला ५०,००० धरते. तुमचा खरा आकडा वेगळा निघेल, तो इथे घाला. पण इथं फक्त हप्त्याचाच प्रश्न नाही. स्वतंत्र पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड लावता येतो. बाबांचं हृदय आणि मधुमेह, ज्यासाठी विमा हवा आहे, नेमकं तेच त्या काळात वगळलेलं असू शकतं. कंपन्यांच्या सामूहिक पॉलिसीत बहुधा ही अट काढलेली असते आणि पहिल्या दिवसापासून जुने आजार धरले जातात. बहुधा म्हणते आहे, म्हणून सावलीच्या एचआरला तीन गोष्टी विचारा: जुने आजार पहिल्या दिवसापासून धरता का, पालकांच्या बिलात को-पे, म्हणजे आपण भरायचा हिस्सा, किती, आणि पालकांचा हप्ता माझ्या पगारातून कापता का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर ती रक्कम वर केलेल्या हिशेबातून वजा करा.

तुमच्याकडे आधीपासून बाबांची पॉलिसी असेल, तर सावलीचा मेडिक्लेम मिळाला म्हणून ती बंद करू नका. कंपनीचं कवच नोकरीबरोबर संपतं, आणि पासष्टीनंतर नव्यानं पॉलिसी मिळवणं अवघड होत जातं.

आता ते पान. सावलीचा बोनससुद्धा 'कामगिरीनुसार' आहे, म्हणजे तोही नक्की नाही. तो सरासरी ८० टक्के मिळतो असं धरू, ४८ हजार. म्हणजे सावलीकडे जास्तीचे असे झाले: खात्रीच्या पगारात १ लाख ५९ हजार, बोनस ४८ हजार, आईबाबांचा विमा ५० हजार. एकूण २ लाख ५७ हजार. दुसऱ्या नोकरीचं ३ लाख ६० हजारांचं व्हेरिएबल या २ लाख ५७ हजारांशी लढणार आहे. भागाकार केला की ७१ टक्के येतात. माझ्या हिशेबाच्या वहीत याला मी 'बरोबरीचा टक्का' म्हणते. दर वर्षी व्हेरिएबलचे निदान ७१ टक्के हातात आले तर दोन्ही नोकऱ्या पैशानं सारख्या होतात. काकांचे अडीच लाख १०० टक्क्यांनाही पूर्ण दिसत नाहीत. पूर्ण व्हेरिएबल मिळालं तरी खरा फायदा वर्षाला १ लाख ३ हजारांचा आहे.

जॉइनिंग बोनस मी मुद्दाम यात घेतला नाही. तो एकदाच येतो, आणि पहिल्या वर्षाचा खड्डा भरण्यातच जाईल. तो खड्डा कसा, ते पुढे सांगते.

७१ टक्के ऐकायला सोपे वाटतात. मेहनती माणसाला तर फारच सोपे. पण व्हेरिएबल आपल्या मेहनतीवर अवलंबून आहे, हे गृहीतक एकदा तपासून पाहू या. पेआउटचे ७१ टक्के म्हणजे टार्गेटचे ७१ टक्के नव्हेत. तुमच्या पानावर ८० ला निम्मं आणि १०० ला पूर्ण आहे, म्हणजे ८० च्या पुढच्या प्रत्येक एका टक्क्याला अडीच टक्के वाढतात. ७१ टक्के पैसे मिळायला दोन्ही टार्गेटं जवळपास ८९ टक्के व्हावी लागतात. आणि ७९ टक्के टार्गेट झालं तर ७९ टक्के पैसे मिळत नाहीत, शून्य मिळतात. पगारविभागात दर एप्रिलमध्ये मी असे चेहरे पाहिले आहेत: वर्षभर राबून ७८ वर अडकलेले.

आता एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. तुम्ही तुमचं टार्गेट शंभर टक्के केलं, पण कंपनी तिच्या टार्गेटच्या ७९ वर थांबली. तुमच्या वाट्याचे ६० टक्के पूर्ण आले, कंपनीच्या वाट्याचे ४० टक्के गेले. हातात २ लाख १६ हजार. तुम्ही काहीही कमी केलं नाही, तरी सावलीपेक्षा ४१ हजार मागे. म्हणजे एकट्याच्या मेहनतीनं बरोबरीचा टक्का गाठताच येत नाही, अशी या पत्राची रचना आहे. कंपनीचं वर्ष चांगलं जाणं त्यासाठी आवश्यक आहे.

तुमच्या ६० टक्क्यांतही सगळं तुमच्या हातात नाही. विकायच्या आहेत त्या वस्तू कारखान्याच्या भांडवली खर्चातून घेतल्या जातात. चौकशी, तांत्रिक मंजुरी, खरेदी विभागाची घासाघीस, ऑर्डर, माल, आणि मग पैसे. यात अनेक महिने सहज जातात. म्हणून टार्गेट कशावर मोजणार हा प्रश्न त्या पानावर सुटलेला नाही आणि तो विचारलाच पाहिजे: ऑर्डर आली की, बिल फाडलं की, की गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात आले की? पैसे आल्यावर मोजणार असतील, तर मार्चमध्ये माल देऊन जूनमध्ये पैसे देणारं गिऱ्हाईक तुमचं टार्गेट पुढच्या वर्षात ढकलतं.

आता पहिल्या वर्षाचा खड्डा. समजा तुम्ही ऑक्टोबरला रुजू झालात. मार्चपर्यंत सहा महिने, म्हणजे व्हेरिएबल जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. पण त्या सहा महिन्यांत तुमच्या हातून सुरू झालेली ऑर्डर पूर्ण होणं कठीणच, जुन्या माणसानं पिकवलेली मिळाली तर गोष्ट वेगळी. ८० च्या खाली गेलात की शून्य. आणि जे काही मिळेल ते बहुतेक कंपन्यांत जून-जुलैत येतं. तोवर नऊ-दहा महिने घर ७२,००० वर चालवायचं आहे, सोबत जॉइनिंगचे पहिले ५० हजार.

पेआउटच्या तारखेबद्दलची अटही वाचा. 'पेआउटच्या दिवशी नोकरीत असणं आवश्यक, नोटीस पिरियडवर असल्यास देय नाही' असं वाक्य धोरणात असतं. माझ्या नवऱ्याला ते वाक्य फार महागात पडलं. एका कंपनीत त्यांनी पूर्ण वर्ष काम केलं, टार्गेट केलं, मे महिन्यात राजीनामा दिला. पेआउट जुलैत होता. एक पैसा मिळाला नाही, आणि सही आमचीच होती. तेव्हा आमची मुलगी पाळणाघरात जात होती आणि त्या पैशांवर आम्ही वर्षाची फी धरली होती. म्हणून एवढं बजावून सांगते आहे. जॉइनिंग बोनसच्या परतफेडीची अटही पाहा. किती महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर परत करावा लागतो? तोवर तो बोनस उसन्या पैशासारखा समजा.

आता हे सगळं सावलीच्या बाजूला झुकतंय, पण शुक्रवारी सावलीला होकार देऊन टाका असं मी म्हणणार नाही. पहिलं म्हणजे, ते पान १०० टक्क्यांच्या वर गप्प आहे. टार्गेट ओलांडल्यावर सव्वापट, दीडपट देणाऱ्या कंपन्या असतात. तसं असेल तर हिशेब बदलतो. दुसरं, दहेज-अंकलेश्वरमधल्या खरेदी अधिकाऱ्यांची ओळख तीन वर्षांत होते ती पुढच्या नोकरीत तुमच्याबरोबर येते. मेंटेनन्समध्ये अशी ओळख होत नाही. तुम्हाला सेल्स मनापासून करायचं असेल तर त्याची किंमत आहे, फक्त ती किंमत बाबांच्या विम्यातून द्यायची का, एवढं ठरवायचं.

तर दोन कामं करा. एक, माहिती काढा. एचआरला विचारा: गेल्या तीन वर्षांत या ग्रेडला, याच टीमला प्रत्यक्ष किती टक्के पेआउट झाला, आणि कंपनीनं तिन्ही वर्षांत ८० ओलांडले का? 'वरची मर्यादा' किंवा 'आमचे स्टार पाच लाख घेतात' हे उत्तर नाही. माझ्या जागी आधी कोण होतं, त्याचं टार्गेट किती होतं, त्यानं किती केलं आणि तो का गेला, हेही विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही तर त्या टीममध्ये काम केलेल्या एखाद्याला शोधा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत आणि अंकलेश्वरमध्ये या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात, दोन फोनांत कोणीतरी सापडेल. त्याला 'पेआउट किती?' यापेक्षा 'गेल्या वर्षीचे पैसे कोणत्या महिन्यात आले?' असं विचारा. ज्याला मिळाले त्याला महिना आठवतो.

दोन, मागा. चौदा लाखांचं पत्र अंतिम नसतं. सीटीसी तीच ठेवून रचना बदलायला एचआरला तुलनेनं सोपं जातं, कारण त्यांना वरून वाढीव बजेट मागावं लागत नाही. ३ लाख ६० हजारांमधले ९० हजार पगारात घाला असं म्हणा. ते मान्य झालं तर खात्रीच्या पैशातली सावलीची आघाडी १ लाख ५९ हजारांवरून ६९ हजारांवर येते, आणि बरोबरीचा टक्का ७१ वरून ६२ वर उतरतो. कंपनीचं टार्गेट हुकलं तरी तुमचे ६० टक्के त्याच्या अगदी जवळ आहेत. त्यासोबत आईबाबांना सामूहिक मेडिक्लेममध्ये घ्या म्हणा, भले त्यांचा हप्ता तुमच्या पगारातून कापून. जुन्या आजारांची अट नसलेलं कवच मिळत असेल तर तो सौदा वाईट नाही. कंपनी तो हप्ता स्वतः भरायला तयार झाली, तर टक्का ४३ वर येतो, आणि मग मी स्वतः तुम्हाला दहेजच्या गाडीत बसवीन. तिसरी मागणी: मार्चपर्यंतच्या पहिल्या सहा महिन्यांचं व्हेरिएबल टार्गेट न पाहता निदान अर्धं द्यावं. नव्या सेल्सच्या माणसासाठी ही मागणी अजिबात अवाजवी नाही.

हे तिन्ही फोनवर मान्य झालं तरी सुधारित ऑफर लेटरमध्ये किंवा एचआरच्या कंपनी ईमेलवर येईपर्यंत ते झालं असं धरू नका.

ज्यांच्या घरी आईवडलांच्या आजारपणाचा प्रश्न नाही, त्यांनी याच हिशेबातून विम्याचे ५० हजार काढून पाहावं: टक्का ५७ वर येतो. बरोबरीचा टक्का घरागणिक बदलतो, म्हणून मित्रानं काय घेतलं ते विचारून उपयोग नाही. काढायची रीत मात्र एकच. दोन्हीकडचा खात्रीचा पगार आणि पीएफ यांचा वर्षाचा फरक, त्यात पहिल्या नोकरीचा मिळण्याजोगा बोनस आणि जो खर्च दुसरीकडे खिशातून करावा लागेल तो मिळवा, आणि दुसऱ्या नोकरीच्या पूर्ण व्हेरिएबलनं भागा.

शुक्रवार जवळ आहे. आजच सावलीला लिहा की घरच्या वैद्यकीय बाबींची खात्री करायची आहे, मंगळवारपर्यंत मुदत द्यावी. तीन-चार दिवस बहुतेक कंपन्या देतात. तेवढ्यात विम्याचा हप्ता, तीन वर्षांचे पेआउट आणि दुसऱ्या कंपनीचं उत्तर, तिन्ही हातात येतील. रविवारी काकांना घरी जेवायला बोलवा आणि कागदावर हा भागाकार त्यांनाच करायला द्या. आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामा, दोन्हीपैकी जे ठरेल त्याचं सही झालेलं अंतिम पत्र हातात आल्यावरच द्या.